शाळेने मुलांना किती पुढे नेलं? प्रवेशगुणांवरून मूल्यवर्धनाचा हिशेब

दोन शाळा घेऊ. अ शाळेच्या मुलांना शेवटच्या परीक्षेत सरासरी 66 गुण पडले, ब शाळेच्या मुलांना 50. निकालाच्या यादीत अ शाळा वर आणि ब शाळा खाली. आता यात एक माहिती घाला. मुलं शाळेत दाखल झाली तेव्हा झालेल्या प्रवेश चाचणीत अ शाळेतल्या मुलांची सरासरी 75 होती आणि ब शाळेतल्या मुलांची 40. म्हणजे निकालात दिसणाऱ्या 16 गुणांच्या अंतरातलं बरंचसं अंतर मुलं वर्गात बसण्याआधीच पडलेलं होतं. शाळेच्या पदरात त्यातलं किती टाकायचं, हे मोजायच्या पद्धतीला मूल्यवर्धन किंवा सरळ व्हॅल्यू अ‍ॅडेड म्हणतात.

कल्पना साधी आहे. या प्रवेशगुणांच्या मुलांना, शाळा कुठलीही असो, साधारण किती गुण पडतात ते आधी काढायचं. मग या शाळेतल्या मुलांना प्रत्यक्षात किती पडले ते पाहायचं. दोन्हींतला फरक म्हणजे शाळेचं मूल्यवर्धन. हिशेब स्प्रेडशीटवर तासाभरात होतो. वेळ लागतो तो आलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे ठरवायला, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्यावरच आहे.

वजाबाकीचा मोह आधी सोडा

नवखा माणूस पहिल्यांदा करतो ते हे: 66 वजा 75, म्हणजे अ शाळेने मुलांना 9 गुणांनी मागे नेलं, 50 वजा 40, म्हणजे ब शाळेने 10 गुणांनी पुढे. हे चुकीचं आहे. दोन्ही परीक्षा 100 गुणांच्या असल्या तरी त्या वेगळ्या परीक्षा आहेत, त्यांची काठिण्यपातळी वेगळी आहे. शिवाय पहिल्या चाचणीत फार वर गेलेली मुलं दुसऱ्या परीक्षेत सरासरीच्या दिशेने थोडी खाली येतात आणि फार खाली असलेली थोडी वर येतात. हे सगळीकडे घडतं, त्यात शाळेची काही करामत नसते. वजाबाकी केली तर हुशार मुलांच्या शाळा फुकट मार खातात आणि कमी गुणांच्या शाळा फुकट शाबासकी मिळवतात.

म्हणून तुलना आधीच्या गुणांशी करायची नाही. ती करायची तशाच प्रवेशगुणांच्या इतर मुलांशी.

माहिती कोणती आणि कशी मांडायची

एका शाळेची माहिती पुरत नाही. फक्त स्वतःच्या शाळेची मुलं घेऊन अपेक्षित गुणांची रेषा काढली तर फरकांची सरासरी नेहमी शून्यच येणार, कारण ती रेषा त्याच मुलांच्या मधोमध बसवलेली असते. पुष्कळ शाळांचा एकत्र साठा हवा. एखाद्या जिल्ह्याच्या, संस्थेच्या किंवा परीक्षा मंडळाच्या बऱ्याच शाळा असल्या तर उत्तम. आपल्या उदाहरणात सगळ्या शाळांची मिळून 1400 मुलं आहेत. साठ्यात एकाच शाळेची पाव मुलं असतील तर ती शाळा रेषा स्वतःकडे ओढून घेते आणि तिचा फरक आहे त्यापेक्षा लहान दिसतो, एवढं लक्षात असू द्या.

प्रत्येक मुलाची एक ओळ करा. पहिल्या स्तंभात शाळा, दुसऱ्यात प्रवेशगुण, तिसऱ्यात शेवटच्या परीक्षेचे गुण. शाळेच्या सरासऱ्या घेऊन हिशेब करायला बसू नका. मुलागणिक माहिती नसेल तर पुढच्या निम्म्या तपासण्या करताच येत नाहीत.

गुण भरले की कुठलंही सूत्र लावायच्या आधी आलेख काढा. आडव्या अक्षावर प्रवेशगुण, उभ्या अक्षावर शेवटचे गुण, प्रत्येक मुलाचा एक ठिपका. ठिपक्यांचा ढग डावीकडून उजवीकडे वर चढताना दिसला पाहिजे. उजव्या टोकाला ढग वरच्या कडेला चिकटून सपाट झाला असेल, म्हणजे पुष्कळ मुलांना पैकीच्या पैकी किंवा त्याच्या जवळपास गुण असतील, तर ती परीक्षा हुशार मुलांसाठी फार सोपी होती. अशा परीक्षेत वरच्या मुलांना पुढे नेल्याचं श्रेय कुठल्याच शाळेला मिळू शकत नाही. ढग वाकडा असेल तर सरळ रेषा चालणार नाही. त्याचा मार्ग पुढे सांगतो.

अपेक्षित गुण काढणं

सरळ रेषेसाठी तीन आकडे लागतात: चढ, सुरुवात आणि ठिपके रेषेपासून सरासरी किती लांब पसरलेत ते.

```
H1:  =SLOPE(C2:C1401, B2:B1401)
H2:  =INTERCEPT(C2:C1401, B2:B1401)
H3:  =STEYX(C2:C1401, B2:B1401)
```

आपल्या उदाहरणात चढ 0.6 आला, सुरुवात 22 आणि पसारा 12. म्हणजे प्रवेशगुण 10 ने जास्त असलेल्या मुलाला शेवटी सरासरी 6 गुण जास्त पडतात. अपेक्षित गुण म्हणजे 22 अधिक प्रवेशगुणांच्या 0.6 पट. पसारा 12 याचा अर्थ असा की एखाद्या मुलाला अपेक्षेपेक्षा 10-12 गुण कमी-जास्त पडणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. एकेका मुलाबद्दलचं भाकीत म्हणून ही रेषा फारशी कामाची नाही, आणि पालकांना “तुमच्या मुलाला इतके पडायला हवे होते” असं सांगायला तर ती मुळीच वापरू नये.

चौथ्या आणि पाचव्या स्तंभात अपेक्षित गुण आणि फरक येतील:

```
D2:  =$H$2+$H$1*B2
E2:  =C2-D2
```

ढग वाकडा असेल तर रेषेऐवजी गट करा. समान किंवा जवळच्या प्रवेशगुणांची मुलं एका गटात टाका, त्या गटाची शेवटच्या परीक्षेतली सरासरी काढा, तोच त्या गटातल्या प्रत्येकाचा अपेक्षित गुण. इंग्लंडमध्ये 2016 पासून सरकारी पैशावर चालणाऱ्या माध्यमिक शाळांना लागू झालेलं प्रोग्रेस 8 हे माप याच धर्तीवर बांधलेलं आहे: प्राथमिक शाळा संपतानाच्या परीक्षांवरून मुलांचे गट, आणि प्रत्येकाची तुलना देशभरातल्या आपल्याच गटाच्या सरासरीशी. गटांचा फायदा असा की ते समजावून सांगायला सोपे पडतात. तोटा असा की त्यांना मुलं भरपूर लागतात. गटात पाच-सात मुलं उरली तर त्या सरासरीला काही अर्थ राहत नाही.

एका शाळेत डोकावू

ब शाळेत 36 मुलं आहेत. त्यातली पाच पाहू.

| प्रवेशगुण | अपेक्षित | प्रत्यक्ष | फरक |
|---|---|---|---|
| 30 | 40 | 47 | +7 |
| 50 | 52 | 61 | +9 |
| 45 | 49 | 44 | −5 |
| 35 | 43 | 45 | +2 |
| 40 | 46 | 20 | −26 |

पहिल्या ओळीतल्या मुलाचे 47 गुण कुठल्याही सत्काराच्या यादीत येणार नाहीत, पण त्याच्यासारख्याच प्रवेशगुणांच्या मुलांपेक्षा त्याने 7 गुण जास्त मिळवले. तिसऱ्या ओळीतल्या मुलाला जवळपास तेवढेच गुण पडले, तरी त्याचा फरक वजा आहे. ही पद्धत नेमकं हेच दाखवते.

आता शेवटची ओळ. वजा 26. या मुलाचा आजारपणामुळे निम्मा अभ्यास बुडाला होता. अशी एक-दोन मुलं प्रत्येक शाळेत असतात, पण लहान शाळेच्या सरासरीला ती फार महाग पडतात. ब शाळेच्या 36 मुलांच्या फरकांची सरासरी येते +4. या एका मुलाला बाजूला ठेवलं तर ती +4.9 होते. इंग्लंडमध्येही हाच त्रास झाला, म्हणून 2018 पासून तिथे एकेका मुलाच्या फार खोल वजा फरकाला मर्यादा घातली गेली. तुम्हीही मर्यादा घालू शकता, पण ती सगळ्या शाळांना सारखी घाला आणि निकाल पाहण्याआधी ठरवा. सोयीचं मूल गाळायची सवय एकदा लागली की हिशेबाला काही किंमत उरत नाही. मी दोन्ही सरासऱ्या काढून शेजारी शेजारी ठेवणं पसंत करतो. त्यांच्यात मोठं अंतर असेल तर ते वाचणाऱ्यालाही कळायला हवं.

शाळेची सरासरी अशी निघते:

```
=AVERAGEIF(A2:A1401, "ब", E2:E1401)
```

अ शाळेचा अपेक्षित गुण 67 आणि प्रत्यक्ष 66, म्हणजे −1. ब शाळेचा अपेक्षित 46 आणि प्रत्यक्ष 50, म्हणजे +4. निकालाच्या यादीत 16 गुणांनी मागे असलेली शाळा इथे 5 गुणांनी पुढे गेली.

इथे शून्याचा अर्थ नीट समजून घ्या. शून्य म्हणजे “मुलं काहीच शिकली नाहीत” असं नाही. शून्य म्हणजे साठ्यातल्या इतर शाळांमध्ये अशी मुलं सरासरी जितकी पुढे गेली, तितकीच इथेही गेली. सगळ्या साठ्याची सरासरी नेहमी शून्यच येते, तशी ती बांधलेलीच आहे. त्यामुळे साधारण निम्म्या शाळा दरवर्षी वजात असणारच. सगळ्याच शाळा एका वर्षात सुधारल्या तरी हे बदलत नाही. “या वर्षी आपल्या सगळ्या शाळा अधिकात आणायच्या” असं उद्दिष्ट एखाद्या बैठकीत ठरलं असेल तर ते गणितानेच अशक्य आहे.

आकडा किती डळमळतो

ब शाळेत दुसरी 36 मुलं आली असती, शिकवणं अगदी तेच राहिलं असतं, तर सरासरी +4 च आली असती का? नाही. मुलामुलांत 12 गुणांचा पसारा आहे, त्यामुळे 36 जणांची सरासरी नुसत्या योगायोगाने हलते. किती हलते ते काढायला पसाऱ्याला मुलांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं: 12 भागिले 6, म्हणजे 2. त्याची दुप्पट दोन्ही बाजूंना ठेवली की साधारण 95 टक्क्यांची मर्यादा मिळते, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्या दोन टोकांच्या दरम्यान असेल ती टोकं. ब शाळेचं मूल्यवर्धन +4, पण मर्यादा 0 ते 8. ब शाळा सरासरीपेक्षा बरी आहे असं म्हणता येतं, पण जेमतेम.

अ शाळेत 144 मुलं आहेत. 12 भागिले 12, म्हणजे 1. मर्यादा −3 ते +1. यात शून्य आलं, म्हणून अ शाळेबद्दल एवढंच म्हणता येतं की ती सरासरीहून वेगळी दिसत नाही. “अ शाळा मुलांना मागे नेते” असं लिहिणं खोटं ठरेल.

यातून एक गोष्ट आपोआप निघते आणि ती यादी पाहताना ध्यानात ठेवावी. मूल्यवर्धनाच्या क्रमवारीत सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली बहुतेक वेळा लहान शाळाच सापडतात. त्या उत्तम किंवा वाईट असतात म्हणून नव्हे. त्यांचे आकडे जास्त हलतात म्हणून. यादीच्या दोन्ही टोकांना मुलांची संख्या लिहिलेला स्तंभ जोडून पाहा, लगेच कळेल. याच कारणाने हा हिशेब वर्गवार आणि शिक्षकवार मोडणं मला पटत नाही. 25 मुलांच्या वर्गाची मर्यादा दोन्ही बाजूंना जवळपास 5 गुणांची येते, आणि तेवढ्यावर कुणा शिक्षकाची पगारवाढ किंवा बदली ठरवणं अन्याय आहे.

आता पालकाच्या बाजूने पाहा. आज जाहीर झालेला आकडा आत्ता बाहेर पडलेल्या मुलांचा आहे, म्हणजे काही वर्षांपूर्वी दाखल झालेल्यांचा. पालकाला हवा असतो तो आज दाखल होणाऱ्या मुलाचा, जे आणखी काही वर्षांनी परीक्षेला बसेल. जॉर्ज लेकी आणि हार्वे गोल्डस्टीन यांनी 2009 मध्ये इंग्लंडच्या माहितीवर हेच तपासलं. भविष्याची अनिश्चितता हिशेबात धरली तर फारच थोड्या शाळा एकमेकींपासून खात्रीने वेगळ्या काढता येतात, असं त्यांना आढळलं. शाळा निवडायला या आकड्याचा उपयोग आहे तो फक्त अगदी टोकाच्या शाळांबद्दल चौकशी करण्यापुरता.

रेषाच कलती असेल तर

ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत आणि नेमकी तीच निकाल उलटा करू शकते.

प्रवेश चाचणी एका दिवसाची असते. कुणाला त्या दिवशी ओळखीचे प्रश्न आले, कुणाला ताप होता. म्हणजे प्रवेशगुणांत मुलाची खरी तयारी थोडी आणि योगायोग थोडा, असं मिश्रण असतं. या योगायोगामुळे रेषेचा चढ खऱ्यापेक्षा कमी निघतो. एकेका मुलाबाबत हे योग्यच आहे: 75 गुण मिळवलेल्या एखाद्या मुलाला त्या दिवशी नशिबाने हात दिला असण्याचा संभव जास्त असतो, म्हणून त्याच्याकडून थोडी कमी अपेक्षा ठेवणं रास्त.

पण 144 मुलांच्या शाळेची सरासरी 75 असेल तर? इतक्या मुलांत कुणाचं नशीब चांगलं, कुणाचं वाईट, ते एकमेकांत फिटून जातं. ती सरासरी खरोखरच 75 च्या आसपास असते. तरीही रेषा त्या शाळेकडून कमीच अपेक्षा ठेवते, आणि शाळेला काही न करता अधिक गुण मिळतात. उलट 40 सरासरीच्या शाळेकडून रेषा जास्त अपेक्षा ठेवते आणि तिला काही न बिघडवता दंड बसतो.

आकड्यांत पाहू. समजा चाचणीची विश्वसनीयता 0.8 आहे. हा आकडा प्रमाणित चाचणीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. तीच चाचणी थोड्या दिवसांनी पुन्हा घेतली तर मुलांचे गुण कितपत जुळतील हे तो सांगतो. आपला चढ 0.6 आहे. त्याला 0.8 ने भागलं की 0.75 मिळतो. रेषा सगळ्या साठ्याच्या सरासरीभोवती फिरते. आपल्या उदाहरणात प्रवेशाची आणि शेवटची, दोन्ही सरासऱ्या 55 आहेत. आता अ शाळा सरासरीच्या 20 गुण वर आहे, म्हणून तिचा अपेक्षित गुण 55 अधिक 15, म्हणजे 70. ब शाळा 15 गुण खाली आहे, तिचा अपेक्षित गुण 55 वजा सव्वाअकरा, म्हणजे 44 च्या थोडा खाली. नवा फरक असा: अ शाळा −4, ब शाळा +6 हून थोडा जास्त. पहिल्या हिशेबात अ शाळा “सरासरीसारखी” होती. आता ती मर्यादा धरूनही शून्याच्या खाली गेली, आणि ब शाळेची “जेमतेम” ही शंका बरीच मिटली.

हे तुमच्या माहितीत घडतंय का, ते असं ओळखा. प्रत्येक शाळेचा एक ठिपका घेऊन दुसरा आलेख काढा: आडव्या अक्षावर शाळेचे सरासरी प्रवेशगुण, उभ्या अक्षावर मूल्यवर्धन. ठिपके आडवे पसरलेले दिसले तर ठीक. ते डावीकडून उजवीकडे चढत असतील, म्हणजे वरच्या मुलांच्या शाळाच नेमाने अधिकात असतील, तर चाचणीच्या कच्चेपणाचा संशय घ्यायला जागा आहे. खात्री मात्र होत नाही. हुशार सोबत्यांमुळे वर्ग जोमाने पुढे जात असेल किंवा चांगल्या शाळांकडेच तयार मुलं ओढली जात असतील, तरीही चढ दिसेल, आणि फक्त या माहितीतून ही कारणं सुटी करता येत नाहीत. अशा वेळी दुरुस्त केलेला आणि न केलेला असे दोन्ही आकडे द्या. मुळावर घाव घालायचा असेल तर एका चाचणीऐवजी दोन चाचण्यांची सरासरी प्रवेशगुण म्हणून घ्या. विश्वसनीयता वाढते आणि दुरुस्तीची गरजच कमी होते.

कोण मोजलं गेलं नाही

हिशेबात येतात ती दोन्ही परीक्षांचे गुण असलेली मुलं. म्हणून मुलं दाखल झाली त्या वेळची यादी काढा आणि त्यातली किती मुलं शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोचली ते मोजा. 36 मुलं मोजली गेली पण दाखल 48 झाली होती, असं दिसलं तर आधी त्या 12 मुलांचं काय झालं ते विचारा. घर बदललं असेल तर बदललं. पण परीक्षेच्या आधीच्या वर्षी कच्ची मुलं दुसरीकडे पाठवली गेली असतील तर शाळेचा आकडा फुगतो, कारण ज्यांचा फरक वजा येणार होता ती ओळच गायब झाली. इंग्लंडमध्ये या प्रकाराला ऑफ-रोलिंग म्हणतात आणि तिथले शाळा-तपासनीस त्याचा शोध घेतात. पाहायचं ते हे की गळालेल्या मुलांचे प्रवेशगुण राहिलेल्यांपेक्षा कमी आहेत का, आणि गळती शेवटच्या वर्षात दाटली आहे का. मध्येच दाखल झालेल्या मुलांचंही आधी ठरवा. शेवटचे सहा महिने शाळेत असलेल्या मुलाचं श्रेय किंवा खापर या शाळेवर का यावं?

आणि प्रवेश चाचणी कुणी घेतली, हेही विचारा. ज्या शाळेचं मूल्यवर्धन मोजायचं तिनेच प्रवेशाचे गुण दिले असतील तर हात आखडून गुण देण्यात तिचा फायदा आहे. आधीच्या शाळेने सढळ हाताने गुण दिले असतील तर पुढच्या शाळेला त्याचा फटका बसतो. बाहेरच्या यंत्रणेने घेतलेली, सगळीकडे सारखी चाचणी नसेल तर पुढचा सगळा हिशेब वाळूवर उभा राहतो.

घरची परिस्थिती धरायची का

हा वाद जुना आहे. गरिबी, घरची भाषा, मुलाने शाळा किती वेळा बदलली, हे सगळं अपेक्षित गुणांत धरता येतं. इंग्लंडने 2006 ते 2010 या काळात असं माप प्रसिद्ध केलं आणि मग बंद केलं. मुख्य आक्षेप असा होता की गरीब मुलांकडून कमी अपेक्षा ठेवणं त्यामुळे अधिकृत होतं. उलट बाजूने असं म्हणता येतं की ते धरलं नाही तर गरीब वस्तीतल्या शाळेवर तिच्या हातात नसलेल्या गोष्टींचं ओझं पडतं. माझं मत: शाळेशी बोलायचं असेल तर परिस्थिती धरलेला आकडा बघा, मुलांसाठी जादा तास आणि जादा पैसा कुठे लागेल ते ठरवायचं असेल तर न धरलेला. एकच आकडा दोन्ही कामांना पुरत नाही.

सरासरीच्या पोटात

शाळेचा आकडा लिहिण्याआधी तिच्या मुलांचे प्रवेशगुणांनुसार तीन भाग करा आणि प्रत्येकाचा फरक वेगळा काढा. शून्य मूल्यवर्धनाच्या शाळेत सगळ्यात खालच्या भागात +6 आणि सगळ्यात वरच्या भागात −6 असू शकतं. अशा शाळेत कच्च्या मुलांवर मेहनत होते आहे आणि हुशार मुलं वाट पाहत बसली आहेत, किंवा वर सांगितलेल्या पैकीच्या पैकी गुणांच्या कडेला ती अडली आहेत. आलेख पाहिला की दोन्हींतलं कोणतं ते बहुतेक कळतं. हाच तुकडा शाळेला कामाचा असतो. नुसता “शून्य” हातात दिला तर मुख्याध्यापक त्याचं काय करणार?

निकाल लिहिताना

एका वर्षाच्या आकड्यावर थांबू नका. ब शाळेच्या लागोपाठच्या तीन तुकड्यांचे, प्रत्येकी 36 मुलांचे, आकडे +4, +1 आणि +5 आले असं धरू. वर्षावर्षाने पाहिलं तर शाळा आधी घसरली आणि मग सावरली अशी गोष्ट रचावीशी वाटते. पण प्रत्येक आकड्याची मर्यादा दोन्ही बाजूंना 4 गुणांची आहे, त्यामुळे त्या चढउतारात काहीही अर्थ नाही. तिन्ही तुकड्या एकत्र केल्या की 108 मुलं होतात, सरासरी +3.3 येते आणि मर्यादा साधारण 1 ते 5.6. शून्य आता स्पष्टपणे बाहेर पडलं.

अहवालात ते असं लिहा: “तीन वर्षांतल्या 108 मुलांना, साठ्यातल्या तशाच प्रवेशगुणांच्या मुलांपेक्षा सरासरी सुमारे 3 गुण जास्त पडले, योगायोग धरता खरा आकडा 1 ते साडेपाचच्या दरम्यान असावा. दाखल झालेल्यांपैकी इतकी मुलं या हिशेबात नाहीत. चाचणीच्या विश्वसनीयतेची दुरुस्ती केली तर आकडा इतका होतो.” क्रमांक देऊ नका. हे जास्तीचे 3 गुण कशातून आले, शिकवण्यातून, शिकवणीतून की उत्तरं लिहायच्या सरावातून, ते या हिशेबात कुठेच नसतं. त्यासाठी विषयवार फरक काढून पुढचा आठवडा त्या शाळेच्या वर्गांत मागच्या बाकावर बसावं लागतं.